ठिपका पुढे गेला, काका मागे राहिले

चौकशीकाकांचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नसे. पाठीमागे सगळे चौकशीकाका म्हणत आणि तोंडावरही तेच म्हणत, कारण त्याचा त्यांना राग नव्हता. जन्मभर शिलाई मशीन दुरुस्त केलेला माणूस. मशीन उघडायचं म्हणजे आधी त्याला विचारावं लागतं, असं ते म्हणत. कुठे अडतंय, कधीपासून अडतंय, कुणी पडद्याचं जाड कापड तर नाही ना घातलं? मशीनला विचारता विचारता सवयच लागली आणि मग माणसं, कुत्री, रस्त्यावरचे खड्डे, कुणीच सुटलं नाही. दवाखान्यात गेले की डॉक्टर यांना तपासायच्या आधी हेच डॉक्टरचं रक्तदाब मोजायचं यंत्र उलटंसुलटं करून बघत.

अशा माणसाला मागच्या वर्षी बाजारात चक्कर आली. डोळे उघडले तेव्हा भोवती गर्दी होती, आणि काकांनी पहिला प्रश्न विचारला, "कोण पडलंय?" गल्ली त्यावर महिनाभर हसली, पण त्यांच्या लेकीला हसू आलं नाही. आई गेल्यावर तिला मागे हा एकच माणूस उरलेला. तिचं खाली शिवणकामाचं दुकान, वर दोन खोल्या, आणि त्या दिवसापासून काकांना दुकानाच्या पायरीपलीकडे एकट्याने जायची बंदी झाली. भाजी आणायला गेले तरी ती हातातली कात्री ठेवून दारात उभी राही.

म्हणून जेव्हा काका म्हणाले, "आक्काकडे जाऊन येतो, आगगाडीने, एकटाच," तेव्हा दुकानात लेकीचं मशीन थांबलं. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. दीड दिवसाच्या अंतरावर राहायची, आणि तिचं जुनं मशीन बंद पडलं होतं. गावातल्या कारागिराला ती हात लावू देईना.

"माझ्या भावाशिवाय कुणी उघडायचं नाही म्हणते," काका म्हणाले. "आता एवढ्या म्हातारीला नाही कसं म्हणू?"

"मी येते बरोबर."

"आणि हे कपडे कोण शिवणार? लग्नसराईत दुकान बंद ठेवतेस?"

आठवडाभर वादावादी झाली. शेवटी लेक एका अटीवर कबूल झाली. काकांनी फोनवरून आपलं ठिकाण सतत तिला दाखवत राहायचं, म्हणजे तिच्या फोनच्या नकाशावर काकांचा ठिपका पळताना दिसेल. "हा प्रवास धड झाला तर पुढेही जा, कुठेही जा. मी अडवणार नाही," ती म्हणाली. "पण काही गडबड झाली, तर पुन्हा एकट्याने नाव काढायचं नाही. चालेल?"

चालेल म्हणजे काय, काका तर हवेत गेले. एक तर सुटका, वर फोनमधला नकाशा नवीन यंत्रासारखा उघडून बघायला मिळणार!

वाटेत डोंगर लागतात, तिथे नेटवर्क नसतं, हे कळल्यावर नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यायचं ठरलं. घरच्या वायफायवर काका बसले. नकाशावर एक चौकट येते आणि तिच्यात जेवढा मुलूख मावेल तेवढा फोनमध्ये उतरतो. त्यांनी चौकट ताणली तर फोन म्हणाला एवढं मोठं नाही जमणार. म्हणजे तुकडे करणं आलं. पहिला तुकडा उतरवला, त्याला लागून दुसरा, आणि लेक कपडा बेततच म्हणाली, "बाबा, जोडावर दोन बोटं जास्त धरा. कडेला कड लावलीत तर नेमकं तिथेच उसवेल."

"आहेस खरी माझी पोर!" म्हणत काकांनी तुकडे एकमेकांवर चढवून घेतले. चौथ्या तुकड्याला फोन भरला. मग सुप्रभातवाले शेकडो फुलांचे फोटो उडवले तेव्हा जागा झाली. शेवटी फोन विमान मोडवर टाकून त्यांनी नकाशा उघडून पाहिला. दिसला! रस्ते, नद्या, स्टेशनं, सगळं. त्यांनी शेजारच्या इस्त्रीवाल्याला वर बोलावून तो चमत्कार दाखवला. इस्त्रीवाल्याने विचारलं, "नेट नाही तर तुम्ही कुठे आहात ते याला कळतं कसं?" काका खुश झाले. असा प्रश्न कुणी विचारला की त्यांना चहा पाजावासा वाटे.

"ते वरून, उपग्रहाकडून कळतं. त्याला नेट लागत नाही. नेट लागतं ते मी कुठे आहे हे पोरीला सांगायला. म्हणजे बघ, नेट गेलं तरी मला माझा ठावठिकाणा कळणार, फक्त तिला नाही कळणार."

हे त्यांनी लेकीलाही तीनदा सांगितलं. तरी पहिल्या दिवशी दुपारी गाडी बोगद्यांच्या रांगेत शिरली आणि ठिपका थिजला, तेव्हा तिने पंचवीस फोन केले. गाडी बाहेर आल्यावर काकांनी समजावलं, "ठिपक्याच्या खाली बघत जा. 'आत्ताच' लिहिलं असेल तर मी खरंच तिथे आहे. 'वीस मिनिटांपूर्वी' असेल तर तिथे होतो, आता कुठेतरी पुढे. कळलं?"

"कळलं. आणि बॅटरी तीस टक्के दिसतेय तुमची. चार्जिंगला लावा."

"तुला तेही दिसतं?" काकांना कौतुकच वाटलं.

काकांचा प्रवास मोठा झकास चालला होता. खिडकीची जागा. खिडकीपासून फोन आत नेला की ठिपका भरकटतो, हे त्यांनी शोधून काढलं. नदी यायच्या आधी ते डब्याला सांगत, "आता नदी येणार, उजवीकडून." आणि ती आली की सगळ्यांच्या आधी आपणच टाळी द्यायला हात पुढे करत. समोर एक नर्स होती, रात्रपाळी करून गाडीत बसलेली. तिने दोन नद्यांना टाळी दिली आणि तिसरीला वरच्या बर्थवर जाऊन डोक्यावरून चादर ओढली. तिची झोपमोड नको म्हणून काकांनी फोनची घंटी बंद केली. माणूस भला, पण त्या भलेपणाने पुढे घोटाळा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक स्टेशन आलं. नकाशावर स्टेशनाला अगदी चिकटून भलंमोठं निळं तळं होतं. काकांनी खिडकीतून पाहिलं तर मालगाडीची भिंत. दुसऱ्या खिडकीतून पाहिलं तर स्वच्छतागृह. आता एवढं मोठं तळं जातं कुठे? गाडी इथे बराच वेळ थांबते म्हणून कुणीतरी म्हणालं. फोन चार्जिंगला लावलेला, तो कशाला काढायचा? काका खिशात पाकीट आहे ना बघून, पायात चपला अडकवून खाली उतरले. पुलावर चढले की दिसेल, एवढाच विचार.

पुलावरून मालगाडीपलीकडे दिसलं ते मैदान. सपाट, भेगाळलेली माती, आणि तीवर पोरं फुटबॉल खेळत होती. नकाशात निळं आणि इथे पाण्याचा टिपूस नाही! पुलावर उभ्या शेंगदाणेवाल्याला काकांनी विचारलं. तो म्हणाला, तळंच आहे, पाऊस झाला की भरतं, उन्हाळ्यात आम्ही आतून वाट काढतो. "मग नकाशावाल्यांनी कुठल्या महिन्यात काढलं असेल हो?" काकांनी विचारलं. शेंगदाणेवाला विचारात पडला. काकाही पडले. खालून शिट्टी झाली ती दोघांनीही ऐकली, आणि दोघांनाही वाटलं ती मालगाडीची.

जिना उतरेस्तोवर शेवटचा डबा फलाटाच्या टोकाला होता.

पळायचं तर नाहीच, डॉक्टरांनी बजावलेलं. पिशवी गाडीत, गोळ्या पिशवीत, फोन खिडकीशी. काका फलाटावर उभे राहिले आणि त्यांना पहिल्यांदा आठवली ती लेकीची अट. संपलं. आता पायरीपलीकडे नाही जायचं.

स्टेशनमास्तर तरुण होता, कटकट्या नव्हता. त्याने आधी काकांना खुर्चीत बसवून पाणी दिलं आणि फोन पुढे केला. नंबर पाठ होता, कारण दुकानाच्या पाटीवर तो काकांनीच रंगवला होता.

"पोरी, मी बाबा. माझी गाडी सुटली. मी स्टेशनातच राहिलो."

पलीकडे लेक मशीनवर बसलेली. समोर स्टँडला लावलेला फोन, त्यावर ठिपका तुरुतुरु पळतोय, खाली 'आत्ताच', बॅटरी भरत चाललेली. तिने आवाज अगदी थंड केला. "माझे बाबा गाडीत आहेत. मला दिसतायत."

"अगं ते मी नाही, तो फोन आहे!"

"असं? आणि आता पैसे पाठवू का? आवाज छान काढलाय हं. लाज वाटत नाही?" असं म्हणून तिने फोन कापला.

काकांना आठवलं आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. लोक हल्ली हुबेहूब आवाज काढून फसवतात, म्हाताऱ्या बापाच्या आवाजात पैसे मागतात, सावध राहा, हा निरोप लेकीला त्यांनीच धाडला होता. एकदा नव्हे, चार वेळा.

दुसऱ्यांदा स्टेशनमास्तर बोलला. तिने त्यालाही झाडलं. "टोळी आहे का तुमची? एक बाप होतो, एक स्टेशनमास्तर होतो! मी आत्ता बाबांना फोन लावला, वाजतोय त्यांचा फोन. झोपलेत ते." फोन वाजत होता हे खरं, पण मुका.

तिसऱ्यांदा काकांनी फोन घेतला तेव्हा त्यांच्याजवळ पटवायला काही उरलं नव्हतं. आईचं नाव सांगावं, जन्मतारीख सांगावी, तर ते चोरालाही कळू शकतं. काका रडवेले झाले होते. पण त्या रडवेल्या अवस्थेतही त्यांच्या डोक्यात किडा वळवळत होता, आणि तोच बाहेर पडला.

"बरं बाई, नको विश्वास ठेवूस. पैसे नकोत, काही नको. फक्त एवढं सांग, ठिपका आता पुढच्या नदीच्या पुलावर आला का? पुलाच्या पुढे नकाशात रूळ एकदम वेडावाकडा वळतो. तो खरंच तसा वळतो का गं? मला ते बघायचं होतं आणि मी बसलो इथे!"

पलीकडे मशीनचं चाक थांबल्याचा आवाज आला.

"बाबा?"

"मग कोण!"

"देवा! बाबा, तुम्ही खाली कशाला उतरलात?"

"तळं बघायला. आधी रागाव, मग सांगतो."

ती रागावली. जितकं रागावता येतं तितकं रागावली आणि मध्येच गोळ्या घेतल्यात का विचारलं. सकाळची घेतली होती, रात्रीची पिशवीत होती. मग म्हणाली, "तिथेच बसा. सामान पुढच्या स्टेशनावर उतरवून घ्यायला सांगा. मी निघते तुम्हाला आणायला."

स्टेशनमास्तर मध्येच काकांना खुणावून सांगू लागला. गाडी डोंगराला मोठा वळसा घालून जंक्शनला जाते, तिथे इंजिन बदलतात, बराच वेळ जातो. घाटरस्ता मात्र डोंगर चिरून जातो. टॅक्सी मिळाली तर कदाचित गाठाल. मी जंक्शनला कळवून ठेवतो.

"पोरी," काका म्हणाले, "मला एकदा प्रयत्न करू दे. चूक माझी आहे, शंभर टक्के माझी. पण आक्का वाट बघतेय. आणि मला परत पायरीवर बसायचं नाही गं."

"गाठलीत तर पुढे जा," शेवटी ती म्हणाली. "नाही गाठलीत तर जंक्शनला थांबा, मी येते. आणि मग कायमचं बंद. मान्य?"

"मान्य."

स्टेशनाबाहेर एकच टॅक्सी होती आणि ती चालवणारी बाई काकांच्या लेकीच्या वयाची. तिने सगळं ऐकलं, सीटबेल्ट लावायला सांगितलं आणि आपल्या फोनवरून आपलं ठिकाण काकांच्या लेकीला पाठवून दिलं. "आता त्यांना दोन ठिपके दिसतील," ती म्हणाली. "एकात तुमची पिशवी, एकात तुम्ही."

"घाटात नेट आहे?"

"छे! पण नकाशा उतरवून ठेवलाय. दर थोड्या दिवसांनी ताजा करते, नाहीतर तो शिळा होऊन बसतो. घाटात गाडी घालायची तर एवढं पाहिजेच."

काकांना ती बाई तिथल्या तिथे आवडली. अर्ध्या घाटापर्यंत त्यांनी तिला ब्रेकबद्दल, टायरबद्दल आणि एकटीने गाडी चालवायला भीती वाटते का याबद्दल विचारून घेतलं. नेट केव्हाच गेलं होतं. नकाशा मात्र निवांत रस्ता दाखवत होता, आणि एका वळणावर तो दाखवत असलेल्या रस्त्यावर आडवे दगड मांडलेले, मागे दरड कोसळलेली.

"हे त्याला कसं कळणार?" टॅक्सीवाली म्हणाली. "उतरवलेला नकाशा. आज सकाळी काय पडलं ते त्याच्यात नसतं."

ती खाली उतरून दगडांपर्यंत जाऊन आली. पायी जाता येईल, गाडी नाही. दोघांनी फोनवर डोकं घातलं, बोटांनी नकाशा मोठा केला. खालच्या अंगाला एक बारीक रेघ होती, खाणीकडे जाणारी, पुढे हमरस्त्याला मिळणारी. खाण तिला माहीत होती, पलीकडून बाहेर पडता येतं की नाही ते माहीत नव्हतं. "बघू या?" ती म्हणाली. काका कधी कुणाला बघू नका म्हणाले होते?

त्या कच्च्या रस्त्यावर काकांची हाडं खिळखिळी झाली. एका जागी वाटेत आडवी पडलेली फांदी दोघांनी मिळून ओढली आणि टॅक्सीवालीने त्यांना ताबडतोब आत बसायला लावलं. मग डांबर लागलं, आणि त्याबरोबर फोन पक्ष्यांसारखा किलबिलू लागला. लेकीचे निरोप एकामागून एक.

'दोन्ही ठिपके थांबलेत. घाट असेल ना?'

'गाडीचा ठिपका जंक्शनला पोचला.'

'अजून तिथेच आहे.'

शेवटचा निरोप आत्ताचा होता. टॅक्सीवालीने तो मोठ्याने वाचला. 'जंक्शनलाच दिसतोय, पण खाली नऊ मिनिटांपूर्वी लिहिलंय.'

नऊ मिनिटांपूर्वी म्हणजे तिथे होता. आता असेलच असं नाही. हे त्यांनीच तर लेकीला शिकवलं होतं.

"जाऊन तर बघू," टॅक्सीवाली म्हणाली आणि तिने गाडी दामटली.

जंक्शनच्या फाटकाशी तिने काकांचा दंड धरला आणि पळू दिलं नाही. भरभर चालवत नेलं. फलाट चढल्यावर काकांनी आधी डोळे मिटून घेतले. उघडले तर समोर आपला डबा, आणि टोकाला दोन माणसं नवीन इंजिन जोडत होती. काकांनी टॅक्सीवालीचे दोन्ही हात धरले. बोलायला काही सुचेना. असं त्यांच्या आयुष्यात फार वेळा झालेलं नव्हतं.

डब्यात नर्स बाई केस विंचरत बसलेली. "काका, कुठे फिरत होतात? मला वाटलं दुसऱ्या डब्यात नद्या दाखवताय. तुमचा फोन सारखा उजेड मारतोय, पण दुसऱ्याचा फोन कसा उचलायचा?" चार्जरची तार ओढली जाऊन फोन सीट आणि भिंतीच्या फटीत पडला होता. तिथून त्याला उपग्रह सापडेना, म्हणूनच नऊ मिनिटं.

गाडी हलली. काकांनी लेकीला फोन लावला.

"गाठली."

"दिसतंय," ती म्हणाली. "आत्ताच, असं दिसतंय. खरंच तुम्हीच आहात ना बरोबर?"

"खिशात ठेवतो आता. न्हाणीघरातही घेऊन जाईन."

"जा मग आक्काआत्याकडे. ठरलं ते ठरलं." तिचा आवाज दमलेला होता. मग म्हणाली, "बाबा, सकाळभर मी त्या ठिपक्याकडे बघत होते. म्हटलं, बाबा मजेत आहेत. आणि तुम्ही तिकडे फलाटावर घाबरून बसला होतात."

काकांनी विचारलं, "तुझा ठिपका मला कसा दिसेल गं? तूही पाठव की."

"मी कुठे जाणार आहे? दुकानात तर असते."

"असू दे. पाठव."

तिने पाठवला. काकांनी फोन खिडकीशी धरून नकाशा उलट दिशेला ओढत नेला. डोंगर गेले, बोगदे गेले, नद्या गेल्या, आणि शेवटी आपली गल्ली आली. तिथे लेकीचा ठिपका होता. आधी दुकानाच्या पायरीशी दिसला, मग आत सरकला, आणि मग एका जागी बसून राहिला. काका बघत राहिले. नर्स बाईने चहा पुढे केला तो त्यांनी न बघताच हातात घेतला. खालून एक नदी गेली, तीही त्यांनी पाहिली नाही. ठिपका हलतच नव्हता. खाली 'आत्ताच' लिहिलं होतं, सगळं ठीक होतं, तरी त्यांना राहवेना. त्यांनी पुन्हा फोन लावला.

"काय गं, बराच वेळ एका जागी दिसतेस. शिवतेयस का?"

"नाही."

"मग काय करतेस?"

"काही नाही. बसलेय जरा. रडतेय. होईल बंद."

काकांनी चहा खाली ठेवला. "रड," ते म्हणाले. "मी काही विचारत नाही. मी फोन ठेवत नाही."

पुढे डोंगर होता आणि तिथे आवाज तुटणार हे काकांना नकाशावरून दिसत होतं. तोवर ते फोन कानाला लावून बसले, आणि खरंच त्यांनी काही विचारलं नाही.